केळीच्या रोपांचा मेसेज लिहिताना: शेजाऱ्याचा दाखला, मोजका माल आणि भीड यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मृगबागेच्या तोंडावर, एप्रिल-मे महिन्यांत, रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या फोनवर रोपांच्या जाहिरातींचे मेसेज येऊन पडतात. "फक्त शेवटची रोपं", "हजारो शेतकऱ्यांची पसंती", "तुमच्यासाठी खास मोफत भेट". ही तिन्ही वाक्यं खरी असू शकतात आणि तिन्ही खोटीही असू शकतात. टिश्यू कल्चर रोपांची नर्सरी चालवणाऱ्यांना, शेतकरी उत्पादक कंपनीत बुकिंग सांभाळणाऱ्यांना आणि त्यांचे मेसेज लिहून देणाऱ्यांना जे प्रश्न पडतात, त्यांची उत्तरं इथे आहेत. सगळीकडे एकच उदाहरण घेतलं आहे: ग्रँड नैनची रोपं विकणारी एक काल्पनिक नर्सरी. तिचे आकडे समजून सांगण्यासाठी धरलेले आहेत.

या तीन गोष्टी नेमक्या काय आहेत? त्या वापरणं मुळातच चूक आहे का?

चूक नाही. ॲरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीतले मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी यांनी १९८४ साली माणसं होकार कशामुळे देतात याची जी मांडणी केली, तिच्यात या तिन्ही गोष्टी आहेत. आपल्यासारख्या लोकांनी काय केलं हे बघून आपण ठरवतो. जे मोजकं आहे ते आपल्याला मोलाचं वाटतं. ज्यानं आपल्याला काही दिलं, त्याला नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

हे तिन्ही अंदाज एरवी उपयोगाचेच असतात. शेजारच्या वावरात एखादी खेप चांगली निघाली असेल, तर ती आपल्याकडेही चांगली निघण्याची शक्यता वाढते. जून उजाडल्यावर तयार रोपं खरंच संपतात. त्यामुळे ही माहिती शेतकऱ्याला देणं म्हणजे त्याला मदत करणं आहे. फसवणूक सुरू होते ती आत माहितीच नसताना नुसता तिचा आवाज काढला की. शेजारी नसताना शेजारी दाखवला, साठा असताना टंचाई दाखवली, किंमत वसूल करायची असताना भेट म्हटलं, की वाचणाऱ्याचा एरवी बरोबर येणारा अंदाज त्याच्याच विरुद्ध वापरला जातो.

म्हणून कामाचा नियम एकच ठेवावा: मेसेज नोंदवहीतून लिहायचा. वाक्यातल्या प्रत्येक आकड्यासाठी आणि प्रत्येक मुदतीसाठी नोंदवहीत एक ओळ असली पाहिजे. ती ओळ शेतकऱ्यानं नर्सरीत येऊन मागितली, तर दाखवता आली पाहिजे.

"हजारो समाधानी शेतकरी" असं लिहिण्यात काय बिघडतं? सगळेच लिहितात.

दोन गोष्टी बिघडतात. "हजारो" मोजता येत नाही आणि "समाधानी" कोणी विचारून ठरवलेलं नसतं. शिवाय ते फारसं चालतही नाही. २००८ साली गोल्डस्टाइन, चाल्डिनी आणि ग्रिस्केव्हिशस यांनी हॉटेलच्या खोल्यांमध्ये टॉवेल पुन्हा वापरण्याची विनंती करणारी वेगवेगळी कार्डं ठेवून पाहिली. पर्यावरणाचा हवाला देणाऱ्या कार्डापेक्षा "बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात" हे कार्ड जास्त चाललं. "याच खोलीत राहिलेल्या बहुतेक पाहुण्यांनी वापरला" हे त्याहूनही जास्त चाललं. दाखला जितका जवळचा, तितका तो लागू पडतो.

आपल्याकडे "याच खोलीत" म्हणजे याच गावात, याच शिवारात, याच पाण्यावर. सावद्याच्या शेतकऱ्याला राज्यभरातल्या आकड्याशी देणंघेणं नसतं. त्याच्या शिवारातल्या काळ्या जमिनीत, त्याच्यासारख्या बोअरच्या पाण्यावर बाग कशी निसवली, हे त्याला हवं असतं. जवळचा आणि छोटा आकडा प्रामाणिकही असतो आणि उपयोगीही. इथे सचोटी आणि परिणाम एकाच बाजूला आहेत, म्हणून मोठा खोटा आकडा लिहिणं हे दुप्पट नुकसानीचं काम आहे.

मग दाखल्याचा आकडा काढायचा कसा?

समजा, मागच्या मृगबागेत नर्सरीतून २१२ शेतकऱ्यांनी रोपं नेली. त्यातले कोण समाधानी हे कळायला विचारावं लागतं, आणि विचारताना माणसं निवडायची नाहीत. नेहमी हसून बोलणाऱ्या दहा जणांना फोन केला, तर दहाही जण "लई भारी" म्हणतील आणि त्या उत्तराला काही अर्थ उरणार नाही. नोंदवहीतलं दर पाचवं नाव घ्या. २१२ मधून ४२ नावं येतात. एकच प्रश्न, सगळ्यांना त्याच शब्दांत: "पुढच्या लागवडीला हीच रोपं घ्याल का?" समजा ३८ जणांनी फोन उचलला आणि ३१ जण हो म्हणाले. मेसेजमध्ये लिहायचं ते एवढंच: "मागच्या मृगबागेतल्या ३८ शेतकऱ्यांना आम्ही फोन करून विचारलं, ३१ जण पुन्हा हीच रोपं घेणार म्हणाले."

याची टक्केवारी काढून "८२ टक्के" लिहू नये. ३८ पैकी ३१ असं लिहिलं की वाचणाऱ्याला दोन्ही आकडे दिसतात आणि नमुना किती लहान आहे हेही कळतं. उरलेल्या सातांचं काय, असं कोणी विचारलं तर उत्तर तयार ठेवा: तिघांनी पिलबाग ठेवली, दोघं दुसऱ्या पिकाकडे वळले, दोघांची मर जास्त झाली. ही तक्रारही त्याच नोंदवहीत लिहिलेली असावी.

गावाचा आकडा याहून सोपा. "तुमच्या गावातून ११ जणांनी रोपं नेली, त्यातल्या ७ जणांनी यंदा पुन्हा बुकिंग केलं." ही दोन्ही कामं बिलांतून दिसतात, त्याला कोणाचं मत विचारावं लागत नाही. मतापेक्षा केलेलं काम हा भक्कम दाखला असतो. मात्र बुकिंग झालं म्हणजे रोपं नेलीच असं नाही. रद्द झालेली बुकिंगं या सातांतून वजा केलेली असावीत.

गाव लहान असेल आणि दोन-तीनच जणांनी घेतली असतील तर?

मग आकडा लिहू नका. दोन-तीन जण म्हटलं की ते कोण हे गावाला पाचच मिनिटांत कळतं. कोणी किती रोपं नेली, म्हणजे कोणाकडे किती पैसा खेळतोय, हे उघड करायचा अधिकार नर्सरीला नाही. अशा वेळी शेजारची चार-पाच गावं मिळून आकडा द्या आणि ती गावं कोणती हे लिहा.

नाव घ्यायचंच असेल तर त्या शेतकऱ्याला पूर्ण वाक्य लिहून पाठवा आणि "असं लिहिलं तर चालेल का?" असं विचारून लेखी होकार घ्या. चहा पिताना तो "बाग चांगली आहे" म्हणाला, ही परवानगी नव्हे. त्यानं नंतर "नाव काढा" म्हटलं तर त्याच दिवशी काढा. आणि त्याला रोपं सवलतीत दिली असतील, तो नात्यातला असेल किंवा गावात रोपं विकून कमिशन घेत असेल, तर ते त्याच वाक्यात सांगा. "यांनी आमची रोपं लावली (सवलतीच्या दरात दिली होती)" असं लिहिलं की दाखल्याचं वजन वाचणारा स्वतः ठरवतो.

चांगल्या घडाचा फोटो टाकला तर तो खोटा कसा?

फोटो खरा असतो, पण त्याचा अर्थ खोटा होऊ शकतो. प्रत्येक बागेत चार घड डोळ्यांत भरणारे असतात. तोच फोटो पाठवला की वाचणारा समजतो, सगळी बाग अशीच निघते. त्यापेक्षा एका ओळीतले सलग वीस घड तोलून त्यांची सरासरी काढा आणि फोटोखाली लिहा: लागवड कधी केली, अंतर किती, ठिबक होतं की नाही, कापणी कधी झाली, वीस घडांची सरासरी रास किती. फोटोतला घड सरासरीपेक्षा मोठा असेल तर तेही लिहा. दुसऱ्याच्या बागेतला किंवा इंटरनेटवरून उचललेला फोटो कधीच वापरू नये, हे वेगळं सांगायला नको.

"शेजाऱ्यांच्या बागा व्हायरसनं गेल्या, तुमची वाचवा" असं लिहिणं चालतं का?

नाही. हा भीतीचा दाखला आहे आणि तो अर्धवट आहे. कुकुंबर मोझॅक व्हायरस, म्हणजे सीएमव्ही, माव्यामार्फत पसरतो. काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची अशी पिकं आणि बांधावरची काही तणं या विषाणूला थारा देतात. टिश्यू कल्चरची रोपं विषाणूची तपासणी केलेल्या मातृवृक्षापासून केली असतील तर ती प्रयोगशाळेतून स्वच्छ निघतात. पण शेतात गेल्यावर त्यांनाही मावा चावतो. म्हणून "१०० टक्के रोगमुक्त" हे वाक्य रोप पिशवीत असेपर्यंतच खरं असू शकतं, वावरात नाही. खरं वाक्य असं: "मातृवृक्षाची सीएमव्ही तपासणी झालेली आहे, अहवाल नर्सरीत बघता येईल. लागवडीनंतर माव्याचं नियंत्रण आणि रोगट रोपं उपटणं हे तुम्हाला करावंच लागेल."

इथे आणखी एक चूक चांगल्या हेतूनं होते. जागृती करायची म्हणून लिहितात, "बहुतेक शेतकरी रोगट रोपं उपटत नाहीत, म्हणून रोग पसरतो." वाचणारा यातून उलटंच शिकतो: बहुतेक जण उपटत नाहीत, मग मीच का उपटू? अमेरिकेतल्या ॲरिझोनामधल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट राष्ट्रीय उद्यानात चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी हे तपासलं आहे. "पूर्वी अनेकांनी इथलं अश्मीभूत लाकूड उचलून नेलं" असं सांगणाऱ्या फलकाजवळ खुणेसाठी ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळजवळ ८ टक्के तुकडे गेले. "कृपया लाकूड नेऊ नका" असं साधं सांगणाऱ्या फलकाजवळ २ टक्क्यांहूनही कमी गेले. म्हणून वाईट सवयीची गर्दी कधी दाखवू नये. ज्यांनी उपटली त्यांच्याबद्दल लिहावं, किंवा दाखला न देता थेट काय करायचं ते सांगावं.

रोपं खरंच मोजकी असतात. मग "मोजकी आहेत" म्हणायला हरकत काय?

हरकत काहीच नाही, उलट सांगायलाच हवं. फक्त "मोजकी" या शब्दाऐवजी आकडा द्या. तो असा काढतात.

प्रयोगशाळेतून आलेली रोपं आधी ट्रेमध्ये, मग शेडनेटखाली पिशवीत बळकट करतात. पिशवीतला हा काळ साधारण ४५ ते ६० दिवसांचा असतो. त्यामुळे ऐन जूनमध्ये मागणी वाढली म्हणून साठा वाढवता येत नाही. ही टंचाई खरी आहे आणि तिचं कारण सांगता येतं. समजा, १० जूनला ४८,००० रोपं तयार होणार आहेत. त्यातली खुजी, विकृत आणि मेलेली मिळून ५ टक्के, म्हणजे २,४००, काढून टाकावी लागतील. ३१,००० रोपांचं बुकिंग झालं आहे. उरली १४,६००.

आता हा आकडा शेतकऱ्याच्या मापात आणा. ६ बाय ५ फुटांवर एकरी १,४५२ रोपं बसतात. म्हणजे १४,६०० रोपं साधारण १० एकरांना पुरतात, नांग्या भरायला थोडी जास्त धरली तर १० एकरांना थोडी कमी पडतात. "१० एकरांपुरती शिल्लक" हे वाचलं की दोन एकरवाला आणि आठ एकरवाला दोघेही आपापला निर्णय घेऊ शकतात. "लवकर करा, संपत आली" हे वाचून दोघांच्याही पदरी फक्त घाई पडते.

आकड्याजवळ तारीख आणि वेळ लिहा. व्हॉट्सॲपचा मेसेज मरत नाही. आठ मेचा मेसेज कोणीतरी तीस मेला नातेवाइकांच्या गटात पुढे ढकलतो. तोवर शिल्लक शून्य झालेली असते, किंवा बुकिंग रद्द होऊन वाढलेलीही असते. "८ मे, संध्याकाळी ६ वाजता" एवढं लिहिलं की शिळा मेसेज शिळा म्हणून ओळखता येतो.

पुढच्या खेपेबद्दल सांगितलं तर लोक थांबतील. ते लपवलं तर चालेल का?

या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. लपवलं तर १४,६०० हा खरा आकडासुद्धा फसवा होतो. शिल्लक खरी सांगून "यानंतर मिळणारच नाहीत" असा समज होऊ देणं, ही मौनातून केलेली खोटी टंचाई आहे.

समजा, पुढची रोपं १२ जूनला पिशवीत भरली जाणार आहेत. ४५ ते ६० दिवस धरले तर ती २७ जुलै ते ११ ऑगस्टच्या दरम्यान तयार होतील. जून-जुलैच्या मृगबागेला ती उशिराची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या कांदेबागेला जरा लवकरची. हे जसंच्या तसं लिहा. ज्याला मृगातच लावायचं आहे तो आता बुकिंग करेल, ज्याचं अजून ठरलेलं नाही तो थांबेल, आणि थांबणाऱ्याचं थांबणं बरोबरच आहे. त्याला घाईनं गळ्यात मारलेली रोपं शेत तयार नसल्यानं बांधावर पडून राहतात, पिशवीत मुळं गुंडाळतात, रोपं उंच आणि लुळी होतात. मग मर झाली की नाव नर्सरीचंच खराब होतं. खोट्या घाईचा खर्च असा जुलैमध्ये, वावरात दिसतो.

मुदत ठेवायची असेल तर कशी?

मुदतीला मेसेजबाहेरचं कारण हवं. "२५ मेपर्यंत बुकिंग रद्द केलं तर पैसे पूर्ण परत" या मुदतीमागे कारण आहे: १० जूनच्या आधी ती रोपं प्रतीक्षायादीतल्या दुसऱ्या शेतकऱ्याला देऊ करायला दोन आठवडे लागतात. कारण एका वाक्यात लिहा. "ऑफर फक्त आज रात्री १२ पर्यंत" याला असं कारण सापडत नाही. उद्या सकाळी आलेल्या शेतकऱ्याला त्याच दरात रोपं देणार असाल, तर ती मुदत खोटीच होती.

दरवाढीचंही तसंच. "१ जूनपासून दर वाढणार" हे वाढ ठरलेली असेल, किती रुपयांनी ते ठरलेलं असेल आणि सगळ्यांना लागू होणार असेल तरच लिहा. मुदत उलटल्यावर रोपं उरलीच तर "लोकाग्रहास्तव मुदत वाढवली" म्हणू नये. "दोन बुकिंगं रद्द झाल्यानं ४,००० रोपं पुन्हा उपलब्ध आहेत" असं सांगितलं तर पुढच्या वर्षीची मुदतही लोक खरी मानतात.

मोफत माती तपासणी किंवा बागेची भेट देणं म्हणजे शेतकऱ्याला बांधून घेणं आहे का?

कसं देता यावर ते ठरतं. डेनिस रीगन यांचा १९७१ सालचा प्रयोग प्रसिद्ध आहे. सहभागी माणसाला त्याच्या सोबत्यानं न मागता कोकाकोलाची बाटली आणून दिली आणि थोड्या वेळानं लॉटरीची तिकिटं घेण्याची विनंती केली. ज्यांना बाटली मिळाली होती, त्यांनी न मिळालेल्यांच्या साधारण दुप्पट तिकिटं घेतली. देणारा माणूस आवडतो की नाही, यानं त्यात विशेष फरक पडला नाही. उपकाराची ओढ आवडीनिवडीवरही मात करते, म्हणूनच ती जपून वापरायची.

खान्देशात ही ओढ आणखी घट्ट असते. खाल्ल्या मिठाला जागायचं, हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. हिवाळ्यात मळ्यात भरीत-पुरीचा बेत करायचा, पंचवीस शेतकऱ्यांना बोलवायचं आणि जेवण झाल्यावर सगळ्यांसमोर बुकिंगची वही फिरवायची, हा प्रकार याच ओढीवर उभा असतो. चार माणसांत नाही म्हणता येत नाही, आणि शेजाऱ्यानं आकडा लिहिला की आपल्यालाही लिहावा लागतो. उपकार आणि गर्दीचा दाखला दोन्ही एकाच वेळी मानेवर येतात. भीड ही भिकेची बहीण म्हणतात. त्या भिडेपोटी लिहिलेली पाच एकरांची नोंद पुढच्या आठवड्यात रद्द होते, नाहीतर कर्ज काढून पाळली जाते. भरीत खायला जरूर बोलवा. वही त्या दिवशी नर्सरीतच ठेवा.

द्यायचं तर तीन गोष्टी सांभाळा. पहिली, दिलेली वस्तू रोपं दुसरीकडून घेतली तरी उपयोगी पडली पाहिजे. लागवडीपासून कापणीपर्यंतच्या खतं-पाण्याचं वेळापत्रक, ठिबकच्या पाण्याची तपासणी, माव्याची ओळख पटवणारी छायाचित्रं, या अशा गोष्टी आहेत. दुसरी, ते वाक्यातच सांगा: "रोपं कुठूनही घ्या, हे वेळापत्रक वापरा." तिसरी, त्याच मेसेजमध्ये मागणी करू नका. निदान आठवडाभर जाऊ द्या, आणि नंतरच्या मेसेजमध्ये त्या मदतीचा उल्लेखही नको. "आम्ही तुमची माती मोफत तपासून दिली होती, आता तुम्ही..." असं लिहिलं की भेटीचं बिल फाडल्यासारखं होतं.

बुकिंगवरच काही मिळणार असेल तर त्याला भेट म्हणू नका. "१,००० रोपांवर एक फवारणी मोफत" ही सवलत आहे. सवलत म्हणूनच लिहा, त्यात वाईट काहीच नाही.

एकच मेसेज दोन्ही तऱ्हांनी लिहून दाखवाल का?

आधी जो पाठवू नये तो:

> 🔥 शेवटची संधी! हजारो शेतकऱ्यांची पहिली पसंती! १०० टक्के रोगमुक्त रोपं, फक्त मोजकीच शिल्लक! तुमच्या गावातले सगळे बुक करून गेले, तुम्ही मागे राहू नका. आज बुकिंग करणाऱ्यांना खास भेट!

आता नोंदवहीतून लिहिलेला:

> राम राम दादा. मृगबागेसाठी ग्रँड नैनची रोपं १० जूनपासून मिळतील. ८ मे, संध्याकाळी ६ वाजता बुकिंगविना १४,६०० रोपं शिल्लक आहेत. ६ बाय ५ फुटांवर ती साधारण १० एकरांना पुरतील. पुढची खेप २७ जुलै ते ११ ऑगस्टच्या दरम्यान तयार होईल, दर तोच, रोपाला १६ रुपये.
> मागच्या मृगबागेत तुमच्या गावातून ११ जणांनी आमची रोपं लावली, त्यातल्या ७ जणांनी यंदा पुन्हा बुकिंग केलं आहे.
> आधी नर्सरीत येऊन रोपं बघा, मातृवृक्षाच्या तपासणीचा अहवाल बघा, मग ठरवा. बुकिंगला रोपामागे ५ रुपये. २५ मेपर्यंत रद्द केलं तर पूर्ण परत, कारण तोवर ती रोपं दुसऱ्याला देता येतात.
> असे मेसेज नको असतील तर "नको" एवढंच लिहा.

दुसरा मेसेज लांब आहे, पण शेतकऱ्याचे पुढचे पाच फोन त्यानं वाचतात: दर काय, कधी मिळतील, किती उरली, गावातून कोणी घेतली, पैसे परत मिळतात का. पहिल्या मेसेजमध्ये यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. "तुमच्या गावातले सगळे" हे तर गावातल्या कोणालाही लगेच खोटं ठरवता येतं. यादीत ताई असतील तिथे "दादा" बदला. नाव न बघता सगळ्यांना एकच हाक पाठवली की मेसेज कोणासाठीच लिहिलेला नव्हता हे दिसतं.

"नको" लिहिण्याची सोय दिली तर यादी रिकामी होणार नाही का?

थोडी कमी होईल. व्हॉट्सॲपच्या साध्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ क्रमांक बसतात आणि ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच मेसेज पोचतो. नको असलेली माणसं त्या जागा अडवून बसतात आणि कंटाळून शेवटी क्रमांक ब्लॉक करतात. "नको" आलं की नाव त्याच दिवशी काढा, कारण विचारू नका आणि "नक्की ना? नुकसान होईल" असं परतून लिहू नका.

कायद्यात याबद्दल काही आहे का?

आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणंही तिच्यात येतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण पहिल्या वेळी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुढे ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं. जाहिराती आणि शिफारशींबद्दलच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शिफारस करणाऱ्याचे विक्रेत्याशी संबंध असतील तर ते उघड करावे लागतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक तत्त्वांत १३ प्रकार दिले आहेत. त्यातला पहिलाच प्रकार खोट्या घाईचा आहे: साठा असतो त्यापेक्षा कमी दाखवणं आणि नसलेली लोकप्रियता दाखवणं, दोन्ही त्यात येतात. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मेसेज दबाव टाकतोय की माहिती देतोय, हे मोजायचं कसं?

नुसती बुकिंगं मोजली तर दबाव नेहमीच जिंकताना दिसतो. म्हणून रद्द झालेली बुकिंगंही त्याच तक्त्यात लिहा. समजा, दोन तऱ्हेचे मेसेज शंभर-शंभर जणांना पाठवले. घाईच्या मेसेजवर १४ बुकिंगं आली आणि ६ रद्द झाली, नोंदवहीतल्या मेसेजवर ११ आली आणि १ रद्द झाली. हातात उरलेली बुकिंगं ८ आणि १०. एवढ्या लहान आकड्यांवरून कोणता मेसेज चांगला हे ठामपणे म्हणता येत नाही, निदान दोन हंगाम तरी बघावे लागतात. पण रद्द होणाऱ्यांचं प्रमाण एकीकडे असं वाढलेलं दिसलं की दबाव कुठे पडतोय ते कळतं.

रोपं नेल्यावर दोन आठवड्यांनी दर पाचव्या ग्राहकाला एक प्रश्न विचारा: "आज पुन्हा ठरवायचं असतं तर एवढीच रोपं घेतली असती का?" "कमी घेतली असती" हे उत्तर वारंवार आलं, तर मेसेजमधला कोणता शब्द जास्त रोपं घ्यायला लावतोय ते शोधा. बहुतेक वेळा तो "शेवटची" हा असतो.

चुकीचा आकडा गेलाच तर?

ज्या यादीला गेला त्याच यादीला, त्याच दिवशी दुरुस्ती पाठवा. चुकीचा मेसेज नुसता पुसू नका, तोवर तो पुढे गेलेला असतो. दुरुस्तीत जुना आकडा, खरा आकडा आणि पैसे परत मिळण्याची सोय असे तीनच भाग असावेत:

> दादा, सकाळच्या मेसेजमध्ये ४,६०० रोपं शिल्लक लिहिलं, ते चुकलं. खरी शिल्लक १४,६०० आहे. घाईत बुकिंग केलं असेल आणि आता थांबायचं असेल तर आज-उद्या कळवा, पूर्ण पैसे परत देऊ.

याच मेसेजमध्ये नवी विक्री करू नका. चुकलेला आकडा कोणी लिहिला, तो कुठल्या ओळीवरून घेतला आणि त्या दिवशी कोणती बुकिंगं आली, हे नोंदवहीत त्याच पानावर लिहून ठेवा, म्हणजे पैसे परत मागायला आलेल्या शेतकऱ्याला ताटकळावं लागत नाही.